लायसन्स घेतलं होतं, तरी क्लेम आला

व्यवसायासाठी पहिल्यांदाच व्हिडिओ बनवणाऱ्यांकडून मी एक तक्रार वारंवार ऐकतो. "गाणं रीतसर विकत घेतलंय, पावतीसुद्धा आहे, तरी यूट्यूब कॉपीराइट म्हणतंय." फसवलं गेल्याची भावना त्या आवाजात असते. बहुतेक वेळा कुणी फसवलेलं नसतं. यूट्यूबची जी यंत्रणा क्लेम, म्हणजे गाण्यावर दुसऱ्याचा हक्क असल्याचा दावा, लावते तिचं नाव कॉन्टेंट आयडी. ती फक्त आवाज ऐकते आणि आपल्याकडच्या साठ्याशी ताडून पाहते. पावती तुमच्या ईमेलमध्ये पडून असते, आणि यंत्राला तिचा पत्ता नसतो.

एवढं लक्षात आलं की पुढचं काम दोन भागांत पडतं. एक, गाणं वापरायचा हक्क खरोखर आपल्याकडे आहे याची खात्री करणं. दोन, तो हक्क दाखवता येईल असा कागद हाताशी ठेवणं. नवखे लोक पहिला भाग अर्धवट करतात आणि दुसरा करतच नाहीत. मी स्वतः दोन्ही चुका केल्या आहेत.

गाण्यात दोन मालक असतात

एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. चाल आणि शब्द हा एक, तो रचनाकाराचा किंवा त्याच्या प्रकाशकाचा. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण हा दुसरा, तो बहुधा रेकॉर्ड कंपनीचा. चाल चित्राला जोडायला जी परवानगी लागते तिला सिंक लायसन्स म्हणतात, आणि ध्वनिमुद्रणासाठी मास्टर लायसन्स लागतं. एखादं प्रसिद्ध गाणं कंपनीच्या व्हिडिओला लावायचं तर दोन्ही हवीत, दोन वेगळ्या दारांवरून.

म्हणूनच "आम्ही गाणं पुन्हा गाऊन घेतलं, मग काय अडचण?" या प्रश्नाचं उत्तर असं की मास्टरचा प्रश्न सुटला, चालीचा तसाच राहिला. शास्त्रीय पाश्चात्त्य संगीतात बरोबर उलटं होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या रचनाकाराची चाल सर्वांसाठी खुली असते, पण एखाद्या वाद्यवृंदाने ती अलीकडे वाजवून ध्वनिमुद्रित केली असेल तर त्या मुद्रणावर हक्क असतो. "चाल जुनी आहे" म्हणून इंटरनेटवरून उचललेल्या पियानोच्या तुकड्यावर क्लेम येतो तो याच कारणाने.

दहा सेकंदांपर्यंत चालतं, पंधरापर्यंत चालतं, खाली श्रेय दिलं की चालतं, वेग थोडा बदलला की यंत्राला कळत नाही, या सगळ्या ऐकीव गोष्टी आहेत. इतक्या सेकंदांपर्यंत मोफत असा कोणताही नियम नाही. श्रेय देणं म्हणजे परवानगी मिळणं नव्हे.

अॅपमधली गाणी: सगळ्यात सोपी चूक

इन्स्टाग्राम किंवा टिकटॉकवर गाणं निवडायचं बटण समोरच असतं, त्यामुळे ते सगळ्यांसाठीच आहे असं वाटतं. ती लोकप्रिय गाणी व्यक्तींच्या खाजगी वापरासाठी घेतलेली असतात. मेटाच्या संगीतविषयक नियमांत व्यावसायिक कामासाठी वेगळं लायसन्स घेतल्याशिवाय संगीत वापरू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. व्यवसाय खात्यावर गाण्यांची यादी अचानक छोटी दिसते तीही याचमुळे. अनेकजण यावर उपाय म्हणून खातं पुन्हा वैयक्तिक प्रकारात बदलतात. यादी मोठी होते, पण व्हिडिओ विक्रीसाठीच असतो, त्यामुळे परवानगी मिळत नाही.

हे फक्त कागदावरचं नाही. बँग हे एनर्जी ड्रिंक बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने टिकटॉकवरच्या आपल्या प्रचाराच्या व्हिडिओंत लोकप्रिय गाणी वापरली. युनिव्हर्सल म्युझिक न्यायालयात गेली आणि 2022 मध्ये फ्लोरिडातल्या संघीय न्यायालयाने त्या व्हिडिओंबाबत हक्कभंग झाल्याचा निर्णय दिला. "गाणी तर अॅपनेच दिली होती" ही ढाल कंपनीच्या कामी आली नाही.

व्यवसायासाठी वेगळी ठेवलेली दालनं आहेत: मेटाचं Sound Collection, टिकटॉकचं Commercial Music Library आणि यूट्यूबची Audio Library. तिथलं संगीत थोडं सपक वाटतं हे खरं, पण सुरुवातीला तेच बरं. एक पथ्य मात्र पाळा. एका प्लॅटफॉर्मच्या दालनातलं गाणं घेऊन तोच व्हिडिओ दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर टाकू नका. मोकळीक बहुधा त्या प्लॅटफॉर्मपुरतीच असते.

मोफत दिसणारी गाणी आणि ती दोन अक्षरं

क्रिएटिव्ह कॉमन्सखाली दिलेल्या संगीतावर नवखे लोक फार भिस्त ठेवतात. लायसन्सच्या नावात कोणती अक्षरं आहेत ते पाहिलं तरच ते सुरक्षित आहे. `CC BY` असेल तर कर्त्याचं नाव, गाण्याचं नाव, दुवा आणि लायसन्सचं नाव व्हिडिओच्या वर्णनात द्यायचं, आणि झालं. `NC` दिसलं की व्यावसायिक वापर बंद, कंपनीच्या व्हिडिओसाठी ते गाणं सोडून द्या.

खरा सापळा `ND` चा. त्याचा अर्थ "बदल करू नका" असा, आणि बऱ्याच जणांना वाटतं की आपण गाणं जसंच्या तसं लावतोय, बदल कुठे करतोय? पण या लायसन्सच्या मजकुरातच लिहिलं आहे की संगीत हलत्या चित्राशी वेळ जुळवून लावलं की ती नवी रूपांतरित कृती ठरते. म्हणजे `ND` असलेलं गाणं व्हिडिओला लावून प्रसिद्धच करता येत नाही, एक सेकंदही न कापता लावलं तरी. `SA` असेल तर त्याच न्यायाने तुमचा अख्खा व्हिडिओही त्याच खुल्या लायसन्सखाली द्यावा लागतो. कोणत्या कंपनीला ते चालेल?

विकत घेताना चार प्रश्न

"रॉयल्टी-फ्री" म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरले की प्रत्येक वापरामागे पुन्हा भरावे लागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. गाण्यावरचा हक्क विकणाऱ्याकडेच राहतो आणि तुम्हाला मिळते ती अटींसह परवानगी. त्या अटी वाचताना मी चार गोष्टी शोधतो: परवानगी कुणाच्या नावावर, कुठे वापरायची, कशासाठी आणि किती काळ.

कुणाच्या नावावर, यावर मी एकदा सपशेल आपटलो होतो. माझ्या नावावरच्या वर्गणीतून गाणं घेतलं, ग्राहकाचा व्हिडिओ केला, फाइल त्याला दिली. त्याने आपल्या चॅनलवर टाकली आणि तिसऱ्या दिवशी क्लेम आला. माझी वर्गणी माझ्या चॅनलपुरती होती, ग्राहकाच्या कामासाठी वरच्या पायरीची वर्गणी घ्यायला हवी होती. विक्रेत्याचं काही चुकलं नव्हतं, ते अटींत स्पष्ट लिहिलेलं होतं. वरची पायरी घेऊन ग्राहकाचं चॅनल नोंदवल्यावर क्लेम सुटला, पण ग्राहकाच्या मनात राहायचं ते राहिलंच.

कुठे आणि कशासाठी, यात सगळ्यात जास्त निसटतं ते जाहिरातीचं कलम. स्वतःच्या पानावर व्हिडिओ टाकणं आणि तोच व्हिडिओ पैसे भरून जाहिरात म्हणून चालवणं हे कित्येक लायसन्समध्ये वेगळे वापर धरले जातात, दूरचित्रवाणी तर आणखी वेगळा. आज नुसतं टाकलेलं रील महिन्याभराने कुणीतरी बूस्ट करतंच, म्हणून जाहिरातीची परवानगी पहिल्यापासून घेतलेली बरी.

किती काळ, हा प्रश्न वर्गणीवर गाणी देणाऱ्या ठिकाणी विचारायचा. बऱ्याच ठिकाणी अशी अट असते की वर्गणी चालू असताना प्रसिद्ध केलेले व्हिडिओ पुढेही सुरक्षित राहतात, पण वर्गणी संपल्यावर तेच डाउनलोड केलेलं गाणं नव्या व्हिडिओला लावता येत नाही. जुन्या हार्डडिस्कमधलं "आपलं घेतलेलं" गाणं उचलताना हे आठवत नाही. जुन्या व्हिडिओला नवा शेवट जोडून पुन्हा टाकला तर तोही नवाच व्हिडिओ.

एडिटिंगच्या टेबलावर

अंतिम फाइल काढताना तीन निर्यात करा: पूर्ण व्हिडिओ, संगीताशिवाय व्हिडिओ आणि नुसतं निवेदन. पाच मिनिटांचं काम आहे. हे केलं नाही तर काय होतं ते सांगतो. एका परिचयपटाचं संगीत सहा महिन्यांनी बदलायची वेळ आली. प्रोजेक्ट फाइल हरवली होती आणि हातात होता तो मिसळलेला आवाज. निवेदकाला पुन्हा बोलवावं लागलं, आणि त्याचा आवाज जुन्या चित्राच्या ओठांशी जुळेना.

दुसरी गोष्ट पार्श्वभूमीची. उद्घाटनाचा समारंभ चित्रित करताना मागे स्पीकरवर लागलेलं गाणं, मुलाखतीत वाजलेली रिंगटोन, दालनातला रेडिओ, हे सगळं यंत्राला ऐकू येतं. तुम्ही ते मुद्दाम लावलं नव्हतं याने फरक पडत नाही. मुलाखतीआधी स्पीकर बंद करायला सांगा. समारंभाच्या दृश्यांचा मूळ आवाज काढून त्यावर आपलं संगीत चढवा.

अपलोडच्या दिवशी

व्हिडिओ थेट प्रसिद्ध करू नका. यूट्यूबवर अपलोड करताना Checks नावाची पायरी येते आणि तिथे कॉपीराइटची तपासणी होते. मी व्हिडिओ Private ठेवून चढवतो, तपासणी पूर्ण होऊ देतो आणि प्रसिद्धीच्या वेळेआधी किमान एक दिवस हातात ठेवतो. तपासणी स्वच्छ आली म्हणजे कायमचं निश्चिंत होता येत नाही. गाण्याचा मालक ते गाणं उद्या यंत्रणेत नोंदवू शकतो आणि मग जुन्या व्हिडिओंवरही क्लेम येतात. पण निम्मी भानगड याच टप्प्यावर उघडी पडते.

वर्गणी देणाऱ्या सेवेत तुमचं चॅनल नोंदवण्याची सोय असेल तर ते याआधीच करून ठेवा. म्हणजे त्यांच्या गाण्यावरचे क्लेम त्या चॅनलसाठी सोडून दिले जातात.

क्लेम आलाच तर

आधी घाबरणं थांबवा आणि नीट वाचा. क्लेम आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकाच्या कायदेशीर मागणीवरून व्हिडिओ काढला गेला की चॅनलवर जी ताकीद बसते ती स्ट्राइक. कॉन्टेंट आयडीच्या क्लेममध्ये मालकाने आधी ठरवलेली कृती होते: व्हिडिओवर जाहिराती दाखवून कमाई त्याच्याकडे जाते, किंवा व्हिडिओ सगळीकडे वा काही देशांत बंद होतो, किंवा मालक फक्त आकडेवारी पाहतो. याने चॅनलला स्ट्राइक लागत नाही. कंपनीच्या व्हिडिओत मात्र जाहिरातीचा क्लेमही निरुपद्रवी नसतो. तुमच्या उत्पादनाच्या माहितीपटाआधी प्रतिस्पर्ध्याची जाहिरात दिसली तर कसं वाटेल?

एक प्रकरण तपशिलात सांगतो. सव्वादोन मिनिटांचा उत्पादनाचा व्हिडिओ. गाणं एका संगीतविक्रेत्याकडून एकाच प्रकल्पासाठी लायसन्स घेऊन आणलेलं, जाहिरातीची परवानगी धरून. अपलोडनंतर क्लेम आला. त्यात गाण्याचं नाव वेगळं, कलाकाराचं नाव वेगळं आणि मालक म्हणून एक अनोळखी वितरण संस्था. ग्राहकाचं म्हणणं, "हे तर आपलं गाणंच नाही, कुणीतरी खोटा क्लेम लावलाय."

यूट्यूब स्टुडिओत Content उघडलं, त्या व्हिडिओसमोर Restrictions खाली Copyright लिहिलं होतं, तिथून तपशील उघडला. तिथे व्हिडिओचा कोणता भाग जुळला ते मिनिट-सेकंदांत दिसतं, आणि निदानाची सुरुवात तिथूनच करायची. संगीत सुरू होतं तिथपासून संपतं तिथपर्यंत सलग जुळणी असेल तर बहुधा ध्वनिमुद्रण तेच आहे आणि संगीतकाराने ते दुसऱ्या नावाने वितरकाकडेही दिलं आहे. जुळणी मध्येच दहा-वीस सेकंदांची असेल तर शक्यता वेगळी. तयार मिळणारे ढोलाचे किंवा गिटारचे तुकडे अनेक संगीतकार वापरतात, आणि त्यातल्या एकाने आपलं गाणं यंत्रणेत नोंदवलं की तोच तुकडा असलेली इतरांची गाणीही जुळू लागतात. आमच्या व्हिडिओत जुळणी 0:09 ते 2:06 होती, नेमकी आमच्या संगीताची लांबी. म्हणजे पहिला प्रकार.

तेव्हा यूट्यूबशी भांडायच्या आधी विक्रेत्याला लिहिलं: गाण्याचा क्रमांक, ऑर्डरचा क्रमांक, व्हिडिओचा दुवा, क्लेम करणाऱ्याचं नाव. अशा वेळी संगीतकार स्वतःच वितरकाला सांगून क्लेम काढू शकतो, आणि तो मार्ग सगळ्यात शांत. दोन दिवस उत्तर आलं नाही म्हणून मग यूट्यूबवर डिस्प्यूट केलं, म्हणजे क्लेमला हरकत घेतली. कारणांतून License निवडलं आणि मजकूर एवढाच लिहिला: हे संगीत अमुक विक्रेत्याकडून, अमुक तारखेला, अमुक लायसन्स क्रमांकाने, अमुक कंपनीच्या व्हिडिओसाठी घेतलं आहे, लायसन्समध्ये ऑनलाइन व्हिडिओ आणि जाहिरात समाविष्ट आहे. रागाचा एक शब्द नाही, "आम्ही छोटा व्यवसाय आहोत" नाही. तो मजकूर क्लेम करणाऱ्याकडे जातो आणि त्याला फक्त नोंद तपासायची असते.

डिस्प्यूट केल्यावर क्लेम करणाऱ्याला उत्तर द्यायला 30 दिवस मिळतात. तो गप्प राहिला तर क्लेम आपोआप सुटतो. आमचा नवव्या दिवशी सुटला. चॅनल कमाई करत असेल तर क्लेम आल्यापासून 5 दिवसांच्या आत डिस्प्यूट करा, म्हणजे पहिल्या दिवसापासूनची रक्कम निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवली जाते.

त्याने नकार दिला तर अपील करता येतं, आणि त्यावर उत्तराची मुदत 7 दिवस. पण इथे थांबून विचार करा. अपीलही त्याला मान्य नसेल तर तो व्हिडिओ काढून टाकण्याची कायदेशीर मागणी करू शकतो, आणि ती वैध ठरली तर स्ट्राइक बसतो. हातात स्पष्ट लायसन्स असेल तर पुढे जा. "बहुतेक चालत असावं" एवढाच आधार असेल तर संगीत बदला.

बदलण्याची सोय स्टुडिओतच आहे. जुळलेला भाग कापता येतो, त्याचा आवाज बंद करता येतो किंवा त्या जागी Audio Library मधलं गाणं टाकता येतं. संगीतावर निवेदन असेल तर मात्र जपून, कारण गाणं बदलताना त्या भागातलं निवेदनही जातं. फक्त गाणं पुसण्याचा पर्याय दिसतो, पण आवाज एकमेकांत मिसळलेले असले की तो दरवेळी साधत नाही. अशा वेळी संगीताशिवायची निर्यात उपयोगी पडते. यूट्यूबवर त्याच दुव्यावर नवी फाइल चढवता येत नाही. नवा अपलोड म्हणजे नवा दुवा, आणि जुने व्ह्यूज व कमेंट मागे राहतात. संकेतस्थळावर आणि छापील पत्रकावर जुना दुवा गेला असेल तर तोही बदलावा लागतो.

स्ट्राइक

काढून टाकण्याच्या मागणीने व्हिडिओ गेला की स्ट्राइक बसतो. पहिला स्ट्राइक कॉपीराइट स्कूल नावाचा छोटा पाठ पूर्ण केल्यावर 90 दिवसांनी उतरतो. 90 दिवसांत तीन झाले तर चॅनल बंद होऊ शकतं. स्ट्राइक बसलेला व्हिडिओ स्वतः डिलीट केल्याने तो जात नाही. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे मागणी करणाऱ्याला लिहून, गरज असेल तर मागच्या तारखेचं लायसन्स घेऊन, मागणी मागे घ्यायला लावणं.

प्रतिसूचना, म्हणजे काढलेला व्हिडिओ परत लावा अशी यूट्यूबकडे केलेली कायदेशीर मागणी, हा तिसरा मार्ग आहे. तिच्यात तुमचं खरं नाव आणि पत्ता द्यावा लागतो, तो समोरच्याकडे जातो, आणि त्याला न्यायालयात गेल्याचा पुरावा द्यायला अमेरिकेतले कामकाजाचे 10 दिवस मिळतात. हे कायदेशीर विधान आहे, रागाच्या भरात भरायचा फॉर्म नव्हे. इथे वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फोल्डरमध्ये काय ठेवायचं

प्रत्येक व्हिडिओच्या फोल्डरमध्ये मी `music` नावाचा उपफोल्डर करतो. त्यात मूळ गाण्याची फाइल, लायसन्सचं प्रमाणपत्र, पावती आणि खरेदीच्या दिवशीच्या अटींच्या पानाची पीडीएफ असते. अटी बदलतात आणि जुनं पान नंतर सापडत नाही, म्हणून ती शेवटची पीडीएफ महत्त्वाची. सोबत एक साधी मजकुराची फाइल:

```
Track: 
Track ID: 
Order no.: 
License holder: 
Paid ads: yes / no
Valid until: 
Video URL: 
```

`License holder` समोर ग्राहकाचं नाव लिहिताना हात अडखळला, तर व्हिडिओ अजून पाठवू नका.